फॉन्ट मोठा केल्यावर ‘खात्री करून पैसे पाठवा’ हे बटण शुल्काच्या ओळीवर येते (फक्त मराठीत)

स्क्रीन: पैसे पाठवा → तपशील तपासा
बिल्ड: ४.१२.०, स्टेजिंग
फोन: पिक्सेल ७, अँड्रॉइड १४, फोन उभा
गांभीर्य: उच्च
वारंवारता: प्रत्येक वेळी

निखिल, फॉन्टचा आकार शेवटच्या दोन पायऱ्यांवर (१.८ आणि २.०) नेला की तळाचे बटण त्याच्या वरच्या मजकुरावर चढते. १.५ पर्यंत सगळे ठीक दिसते.

कसे करून पाहायचे

अ‍ॅपची भाषा मराठी ठेव, मग ही कमांड दे:

```
adb shell settings put system font_scale 2.0
```

अ‍ॅप उघडून कोणत्याही खात्यावर ५०० रुपये पाठवायला घे आणि ‘तपशील तपासा’ या स्क्रीनवर येऊन अगदी तळापर्यंत स्क्रोल कर.

काय दिसते

‘शुल्क: ५ रुपये’ ही ओळ पूर्ण झाकली जाते. तिच्या वरची ‘शुल्काचा तपशील पाहा’ ही लिंक अर्धी बटणाखाली जाते. आणखी स्क्रोल होत नाही, त्यामुळे ती ओळ वाचायला काही मार्गच उरत नाही. लिंकच्या खालच्या भागावर बोट ठेवले तर बटण दाबले जाते आणि थेट पिनची स्क्रीन येते. पिन टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत, हे खरे. पण शुल्क किती हे पाहायला गेलेला माणूस पिनपाशी पोचतो. एवढा मोठा फॉन्ट ठेवणारे बहुतेक नजर कमी झालेले किंवा वयस्क खातेदार असणार, म्हणून गांभीर्य उच्च लावले आहे.

काय दिसायला हवे

तळापर्यंत गेल्यावर शेवटची ओळ बटणाच्या वर पूर्ण वाचता यावी.

कारणाबद्दल

माझ्या मते मूळ फॉन्टच्या आकारात नसून बटणाच्या उंचीत आहे. १.८ ला मराठी लेबल दोन ओळींत मोडते आणि बटण वर वाढते. इंग्रजीत लेबल `Send` एवढेच आहे, ते २.० लाही एका ओळीत राहते आणि तिथे काही झाकले जात नाही. फोन आडवा केला की मराठीतही लेबल एका ओळीत बसते आणि दोष जातो. उलट फॉन्ट १.५ वरच ठेवून डिस्प्ले साइझ सर्वांत मोठा केला, तर लेबल मोडते आणि दोष परत दिसतो. लेआउट इन्स्पेक्टरमध्ये `ScrollView` ला `paddingBottom` ठरावीक ७२dp दिसतो. बटण त्याच `FrameLayout` मध्ये वर तरंगते आहे, त्यामुळे ते वाढले तरी खालची जागा तेवढीच राहते.

दोघांना उभ्या `LinearLayout` मध्ये घेऊन `ScrollView` ला उरलेली उंची दिली, तर हे मुळातूनच सुटेल असे वाटते. `maxLines="1"` लावून लेबल कापू नकोस, आणि या स्क्रीनपुरता फॉन्ट अडवूही नकोस. दोन्हीत त्याच खातेदाराची अडचण होते.

टॉकबॅक ही झाकलेली ओळ नीट वाचून दाखवतो, म्हणून आपल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या फेरीत हे सुटले असावे. ‘लाभार्थी जोडा’ स्क्रीनवरही बटणाची रचना अशीच आहे. तिथे मी अजून तपासलेले नाही, आज संध्याकाळपर्यंत पाहून इथेच लिहिते. १.०, १.५, १.८ आणि २.० चे स्क्रीनशॉट दोन्ही भाषांत जोडले आहेत.