सुनंदासाठी चिठ्ठी : मामाजींचं औषधपाणी

सुनंदा,

मी पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला चालली. तुझे काका सोबत आहेत, त्यामुळे घरात मामाजी एकटेच. ही चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली आहे, काढू नको. रात्री झोपायला येणाऱ्या तुझ्या दिरालाही वाचून दाखव.

पहिली गोष्ट, मामाजींना काही विचारलं की ते "बरं हाय" म्हणतात. तेवढ्यावर जाऊ नको, त्यांच्याकडे नीट पाहा. नेहमी खाटेवरून स्वतः उठणारा माणूस सकाळी सातपर्यंत उठला नाही, बोलताना अडखळला किंवा मलाच हाक मारू लागला, तर काहीतरी बिघडलं असं समज.

औषधं निळ्या डब्यात आहेत, प्रत्येक पाकिटावर मी पेनानं वेळ लिहिली आहे. सकाळी नाश्त्याच्या थोडं आधी साखरेची लहान गोळी, ग्लिमेपिराइड 1. समोर ताट ठेवल्याशिवाय ही गोळी देऊ नको. ते खात नसतील तर ही गोळी द्यायचीच नाही आणि मला फोन करायचा. नाश्ता झाला की मेटफॉर्मिन 500 आणि बीपीची अॅम्लोडिपिन 5. दुपारी जेवल्यावर अॅस्पिरिन 75. रात्री जेवल्यावर पुन्हा मेटफॉर्मिन आणि अॅटोर्व्हास्टॅटिन 10. एखादी गोळी राहून गेली तर पुढच्या वेळी दोन देऊ नको. गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला सांग, कारण ते ती गालात धरतात आणि नंतर धोतराच्या सोग्यात बांधतात. मला तिथे तीन गोळ्या सापडल्या होत्या. गुडघे दुखले म्हणून दुकानातली दुखण्याची गोळी आणून देऊ नको, त्यांच्या किडनीला ती चालत नाही.

जेवणात ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी. भाकर दुधात किंवा वरणात चुरून दे, दात नाहीत. चहा बिनसाखरेचा. आमरस मागतील तर लहान वाटीभर दे, रोज नाही. एकादशी आली की ते उपास धरायला पाहतील. गोळ्या चालू असताना उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. भांडू नको, "डॉक्टरांनी सांगितलं" एवढंच म्हण, त्यांचं ते ऐकतात. खर्रा कोणी आणून दिला तर घराबाहेरच थांबव.

या दिवसांत ऊन फार. दहा ते पाच त्यांना ओसरीतही बसू देऊ नको. तहान लागली असं ते सांगणार नाहीत, म्हणून तासातासाला पाणी किंवा ताक हातात दे. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढ. लाइट गेली तर ओला पंचा अंगावर टाक. अंग तापलं आणि बरळू लागले तर सावलीत झोपव, कपडे सैल कर, पाण्यानं अंग पुस, आणि लगेच 108.

साखर कमी झाली की घाम सुटतो, हात थरथरतात, चिडतात. कपाटात मशीन आहे, तुला दाखवलं आहे. 70 च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाज, 15 मिनिटांनी पुन्हा तपास, मग भाकर-वरण खायला दे. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नको, साखरपाणी दे. शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108.

गेल्या साली त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला होता. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलता येईना किंवा बोली फिरली, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेव. डॉक्टर तेच पहिलं विचारतात, कारण गाठ विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देतात. थांबून पाहू नको, पाणी किंवा गोळीही पाजू नको. 108 ला फोन कर. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला न्यायचं आहे, तसं गाडीवाल्याला सांग.

मामाजींच्या बटणाच्या फोनमध्ये 2 दाबून धरलं की मला लागतो, 3 म्हणजे तुझे काका, 4 म्हणजे आशाताई, 5 म्हणजे पाटलांच्या घरी. 108 ला उशीर होईल असं दिसलं तर पाटलांची बोलेरो मागव, ते रात्रीही येतात, मी बोलून ठेवलं आहे. फोनला नेट लागत नसेल तर गच्चीवर जा. पोलिसांसाठी 112, लाइटच्या तक्रारीसाठी 1912.

गायीचं सगळं रामभाऊ पाहतात, तू फक्त गोठ्याचं दार लावलं का तेवढं बघ. तुळशीला पाणी संध्याकाळी घाल. दिवेलागणीला मामाजी हरिपाठ म्हणतात, तेव्हा जवळ बस. त्यांना एवढंच लागतं.

देवघरातल्या पितळी डब्यात दोन हजार आहेत, त्यांचं आधार कार्ड, आयुष्मान कार्ड आणि मागच्या दवाखान्याची फाइल त्याच्याच खाली. दवाखान्यात जाताना फाइल आणि निळा डबा दोन्ही सोबत ने. पैसे खर्च करताना मला विचारत बसू नको.

– तुझी काकू