फी पावतीवर दुसऱ्याच विद्यार्थ्याचे नाव येत असल्याबाबत

जा.क्र. फी/२०२५-२६/८७
गंगापूर रोड, नाशिक
दि. १८ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (प्रवेश व फी प्रणाली)

विषय : यादी नावाप्रमाणे लावल्यावर फी पावती दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावे निघत असल्याबाबत
संदर्भ : दि. १५ व १६ जुलै रोजी आपल्या सपोर्टशी फोनवर झालेले बोलणे

महोदय,

स.न.वि.वि.

आमच्या महाविद्यालयाच्या फी काउंटरवर मी अकरा वर्षे काम करते. त्यातली गेली चार वर्षे पावत्या आपल्याच सॉफ्टवेअरवर निघतात आणि आजवर आपल्याकडे लेखी तक्रार करण्याची वेळ आली नव्हती. या वेळी मात्र फोनवर सांगून भागत नाही. सपोर्टच्या मुलाने दोन्ही वेळा "मॅडम, घाईत शेजारच्या ओळीवर क्लिक झालं असेल" असे सांगितले. तसे झालेले नाही. का नाही, ते खाली सविस्तर लिहिते. विद्यार्थ्यांची नावे या पत्रात मुद्दाम दिलेली नाहीत, फक्त प्रवेश क्रमांक दिले आहेत.

शुक्रवार दि. २७ जूनला संध्याकाळी आपण नवीन अपडेट टाकून दिले. त्यानंतर फीच्या यादीत `Student Name` या हेडिंगवर क्लिक केले की यादी आडनावाप्रमाणे लागते, आणि वरच्या चौकटीत काही टाइप केले की तेवढ्याच ओळी उरतात. सोय खरोखर चांगली आहे. पालक काउंटरवर येतात तेव्हा प्रवेश क्रमांक क्वचितच कोणाला पाठ असतो. आडनाव सांगतात, गाव सांगतात. पूर्वी यादी वरून खाली शोधत बसावे लागे. त्यामुळे अपडेट आल्यापासून आम्ही दोघी लिपिक ही सोय सर्रास वापरू लागलो.

मंगळवार दि. १५ जुलैला पेठ तालुक्यातून एक पालक आले. ३ जुलैला त्यांनी मुलीची प्रथम वर्ष बीकॉमची फी ६,४५० रुपये रोख भरली होती. वसतिगृहात पावती दाखवली तेव्हा तिथल्या बाईंनी ती परत केली, कारण पावतीवर नाव एका मुलाचे होते. वडिलांना वाचता येत नाही आणि मुलगी त्या दिवशी बरोबर नव्हती. आमचा शिक्का आणि माझी सही पाहून त्यांनी पावती जपून ठेवली होती. एवढ्यावर थांबले नाही. आपल्याच सॉफ्टवेअरने काढलेली थकबाकीदारांची यादी आम्ही ११ जुलैला नोटीस बोर्डवर लावली होती आणि तिच्यात या मुलीचे नाव होते. पूर्ण फी भरलेल्या मुलीचे नाव चार दिवस बोर्डवर "फी बाकी" म्हणून लागले होते. वडिलांचा दिवसाचा रोज बुडाला, एसटीचे भाडे दोनदा पडले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "ताई, पैसे तर तुमच्याच हातात दिले होते ना?" एवढेच विचारले. हे पत्र मी त्या प्रश्नासाठी लिहीत आहे.

त्याआधीच्या पंधरवड्यात अशा दोन पावत्या काउंटरवरच लक्षात आल्या होत्या. तेव्हा मी माझीच चूक समजून त्या रद्द केल्या आणि पुन्हा काढल्या. पेठच्या पावतीनंतर मात्र आम्ही नीट तपासायचे ठरवले.

बुधवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर मी, आमच्या वरिष्ठ लिपिक आणि संगणक विभागाचे सर असे तिघे बसलो. प्रथम वर्ष बीकॉमची यादी उघडली. ती मुळात प्रवेश क्रमांकाने लागलेली असते, म्हणजे पहिल्या ओळीत ००१, चौथ्या ओळीत ००४. मग ती नावाप्रमाणे लावली. चौथ्या ओळीवर ११७ आला. तीच ओळ निवडून `Receipt Preview` पाहिले, तर पावती ००४ च्या नावाची. नवव्या ओळीवर ०५२ होता, पावती ००९ ची. हेडिंगवर पुन्हा क्लिक करून यादी उलटी लावली. आता चौथ्या ओळीवर ०८८ होता, तरी पावती पुन्हा ००४ चीच. अशा बारा ओळी तपासल्या आणि अकरा ठिकाणी हेच झाले. उरलेली एक पावती बरोबर आली, कारण नावाप्रमाणे लावूनही ०२३ हा विद्यार्थी योगायोगाने तेविसाव्याच ओळीवर होता. यादी न लावता, मुळच्या क्रमात त्याच बारा जणांच्या पावत्या पाहिल्या तर बाराही बरोबर.

म्हणजे पडद्यावर यादी नव्या क्रमाने दिसते, पण पावती काढताना सॉफ्टवेअर फक्त ओळीचा नंबर घेते आणि जुन्या क्रमातल्या त्या नंबरच्या विद्यार्थ्याला उचलते. क्लिक चुकले असते तर शेजारचे नाव आले असते. दर वेळी नेमके मूळ क्रमातलेच नाव आले नसते.

वरच्या चौकटीत आडनाव टाइप करून शोधल्यावर तर याहून वाईट होते. शोधल्यावर बहुतेक वेळा एकच ओळ उरते आणि ती अर्थातच पहिली असते. मग पावती जाते ००१ ला. आज या विद्यार्थ्याच्या खात्यावर ९ पावत्या आहेत, एकूण ५८,०५० रुपयांच्या. त्याची वर्षाची फी ६,४५० आहे. त्यातली एकच पावती त्याची स्वतःची, बाकी आठ इतरांच्या. ज्याची फी पूर्ण भरली आहे त्याच्या नावावर आणखी आठ वेळा पैसे जमा होतात आणि सॉफ्टवेअर एकदाही अडवत नाही, हे आम्हाला समजत नाही. नुसते "बाकी शून्य आहे" एवढा इशारा आला असता तरी ही गोष्ट पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

आपल्याकडून विचारणा झाली की इतके दिवस कळले कसे नाही. रोजची बेरीज जुळत होती म्हणून. रोख, यूपीआय आणि चेक मिळून दिवसाअखेर जितके पैसे आले तितक्याच रकमेच्या पावत्या सॉफ्टवेअर दाखवत होते, एका रुपयाचाही फरक नव्हता. रोजकीर्द बिनचूक आणि खतावणी चुकलेली, असा हा प्रकार आहे. शिवाय रक्कम भरायची जी खिडकी उघडते तिच्यात विद्यार्थ्याचे नावच दिसत नाही. फक्त रक्कम, भरण्याचा प्रकार आणि `Save`. नाव थेट छापलेल्या कागदावर दिसते आणि समोर चाळीस माणसांची रांग असते. कागद वाचून देणे माझे काम होते, ते मी मान्य करते. पण नाव `Save` च्या आधी दिसायला हवे होते.

२८ जून ते १५ जुलै या काळात ३१२ पावत्या निघाल्या. विद्यार्थ्यांनी हाताने भरलेल्या फी स्लिपा आमच्याकडे फाईलला आहेत. त्या एकेक करून पावत्यांशी ताडून पाहिल्या. दोन रात्री यात गेल्या. ४१ पावत्या चुकीच्या नावाने निघाल्या आहेत. तपशील सोबत जोडला आहे. या पावत्यांवर नावाबरोबर प्रवर्ग आणि मोबाईल नंबरही छापला जातो, म्हणजे एका मुलाची ही माहिती अनोळखी घरात गेली. काही मुलांनी त्याच पावत्या महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जासाठी जपून ठेवल्या आहेत. त्या प्रत्येकाला आम्ही स्वतः फोन करीत आहोत.

आमच्या सरांनी आपला प्रोग्रॅम आतून पाहिलेला नाही. पण तो जावामध्ये आहे आणि दोष नेमका असा दिसतो, यावरून त्यांचा अंदाज आहे की यादी लावण्याची सोय जोडली, पण पावतीचा जुना कोड तसाच राहिला. दिसणाऱ्या ओळीचा नंबर मूळ यादीतल्या नंबरात बदलून घ्यायला हवा, असे ते म्हणतात. त्यांनी लिहून दिलेल्या ओळी जशाच्या तशा देते :

```java
int r = table.getSelectedRow();
if (r < 0) return;
int m = table.convertRowIndexToModel(r);
String admNo = model.getValueAt(m, 0).toString();
```

पुढचे सगळे काम ओळीच्या नंबरावर नव्हे तर या प्रवेश क्रमांकावर चालावे, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे आहे. मला कोडमधले कळत नाही, पण हे पटते. काउंटरवरसुद्धा आम्ही "रांगेतला चौथा" म्हणून कोणाचे पैसे जमा करत नाही.

आता आमची मागणी. सोमवार दि. २१ जुलैपासून द्वितीय वर्षाची फी सुरू होते, त्याआधी हा दोष दुरुस्त व्हावा. ते जमणार नसेल तर यादी लावण्याची आणि शोधण्याची सोय आपल्याकडून बंद करून द्या, आम्ही जुन्या पद्धतीने शोधू. सध्या काउंटरवर "यादी लावू नये" असा कागद चिकटवला आहे, पण एवढ्या गर्दीत नुसत्या कागदावर भरवसा ठेवता येत नाही. हीच यादी बोनाफाईड, ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला काढतानाही उघडते. तिथे हाच दोष आहे का, ते आपण तपासून लेखी कळवावे. दाखला चुकीच्या नावाने गेला तर तो परत मागवणे पावतीसारखे सोपे नसते.

चुकलेल्या ४१ पावत्यांबाबत एक कळकळीची विनंती. फोनवर आपल्या सपोर्टने "बॅकएंडला नाव बदलून देतो" असे सांगितले. कृपया तसे करू नका. छापील पावती एका नावाची आणि संगणकात दुसरे नाव, असे झाले तर लेखापरीक्षणाच्या वेळी आमच्याकडे उत्तर राहणार नाही. प्रत्येक जुनी पावती तिच्या क्रमांकासह "रद्द" म्हणून दिसावी, कारण नोंदलेले असावे, आणि नवी पावती पुढच्या क्रमांकाने, मूळ तारखेचा उल्लेख करून निघावी. पावती क्रमांकाच्या मालिकेत एकही जागा रिकामी राहता कामा नये. हे काम आपला माणूस इथे काउंटरवर असताना, माझ्या आणि वरिष्ठ लिपिकांच्या समोर व्हावे. दोष सॉफ्टवेअरचा होता असे एक पत्रही आपण प्राचार्यांच्या नावे द्यावे. पालकांना आम्ही काय दाखवायचे, हा प्रश्न आहे.

हेच अपडेट आपण इतर महाविद्यालयांनाही दिले असेल. त्यांची रोजकीर्दही जुळतच असणार, म्हणून त्यांच्याकडून तक्रार येण्याची वाट न पाहता आपणहून कळवावे. तिथेही कोणाचे तरी नाव बोर्डवर लागलेले असेल.

शनिवारी आणि रविवारी मी कार्यालयात आहे. आपला माणूस कोणत्याही वेळी आला तरी चालेल.

कळावे,

आपली विश्वासू,
कल्पना देवरे
कनिष्ठ लिपिक, फी विभाग

सोबत : ४१ पावत्यांचा तक्ता (पावती क्रमांक, तारीख, रक्कम, पैसे भरणाऱ्याचा व पावतीवर छापलेला प्रवेश क्रमांक), १६ जुलैच्या तपासणीतील बारा ओळींचे पडद्याचे फोटो
प्रत : मा. प्राचार्य यांना माहितीसाठी