विषय: पीओ क्र. १४७ (पंप हाउसिंग कास्टिंग) – ॲडव्हान्स आणि क्रेडिट दिवसांबद्दल

नमस्कार पाटीलसाहेब,

काल पाठवलेल्या पीओवर पेमेंटच्या रकान्यात नुसतं ‘ठरल्याप्रमाणे’ छापून आलंय. आपल्या दोघांना ते कळतं, पण अकाउंट्सवाल्यांना कळत नाही. म्हणून शिरोलीला बसून जे ठरलं, ते इथे लिहून देतो.

४०० नग, दर ६४० रुपये, म्हणजे बेसिक २,५६,००० रुपये. त्यावर ३० टक्के ॲडव्हान्स, ७६,८०० रुपये. ही टक्केवारी बेसिकवर आहे, जीएसटी धरून नाही. तुमची प्रोफॉर्मा आली की दोन कामाच्या दिवसांत एनईएफटी करतो. पॅटर्न आमचाच असल्याने त्याचा वेगळा खर्च नाही.

उरलेले १,७९,२०० आणि १८ टक्के जीएसटीचे ४६,०८० असे २,२५,२८० रुपये ४५ दिवसांत. दिवस मोजायचे ते माल आमच्या गोकुळ शिरगावच्या गेटवर उतरला त्या तारखेपासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. माल दोन खेपांत आला तर प्रत्येक खेपेचे दिवस वेगळे, आणि ॲडव्हान्सही त्या प्रमाणात वळता होईल. तुमची उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे ४५ च्या पुढे आम्हालाही जाता येत नाही, ते बरंच आहे.

ब्लो-होल निघालेले नग बदलून द्याल तेवढ्यांचंच पेमेंट थांबेल, बाकीचं नाही.

यात काही वेगळं वाटत असेल तर फोन करा. नाहीतर ‘मान्य’ एवढं उत्तर शनिवारपर्यंत पाठवा, म्हणजे ॲडव्हान्स सोमवारच्या यादीत घेतो.

आपला,
सुहास
खरेदी विभाग, गोकुळ शिरगाव एमआयडीसी, कोल्हापूर