बेसाल्टमधलं भूजल: मंगळवारच्या तासाच्या स्वच्छ टिपा

(भूशास्त्र, द्वितीय वर्ष. वहीत वाक्यं अशी उतरली होती: 'बेसाल्ट पोरस असला तरी वॉटर फ्लो होईलच असं नाही, व्हेसिकल्स कनेक्टेड पाहिजेत.' आता सगळीकडे एकच शब्द ठेवला आहे. पोरॉसिटी: सच्छिद्रता. परमिएबिलिटी: पार्यता. ॲक्विफर: जलधर. व्हेसिकल: कुहर. जॉइंट: संधी. वेदरिंग: विदारण. रिचार्ज: पुनर्भरण. बेसाल्ट आणि झिओलाइट तसेच राहू दिले.

सर 'पोरस' कधी सच्छिद्रतेसाठी, कधी पार्यतेसाठी म्हणत होते. अशा प्रत्येक जागी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून अर्थ ठरवला. धड्याचा गाभाच या फरकात आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवला.)

सच्छिद्रता आणि पार्यता

खडकाच्या एकूण घनफळात पोकळ्यांचा वाटा किती, ती सच्छिद्रता. 100 घन सेंटिमीटर खडकात 15 घन सेंटिमीटर पोकळी असेल तर सच्छिद्रता 15 टक्के. या पोकळ्यांमधून पाणी किती सहज पुढे सरकतं, ती पार्यता. चिकणमातीची सच्छिद्रता भरपूर, पण कणांमधल्या वाटा इतक्या बारीक की पाणी जवळजवळ अडून राहतं. म्हणजे पाणी साठणं वेगळं आणि विहिरीत येणं वेगळं.

दख्खनचा बेसाल्ट

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून कुहरं तयार झाली. ती एकमेकांना जोडलेली नसतील, किंवा झिओलाइटने भरून गेली असतील, तर भोकं दिसूनही खडक पाणी देत नाही. थराचा मधला भाग घट्ट, विहीर खोदणाऱ्यांच्या भाषेत काळा पाषाण. त्याची स्वतःची सच्छिद्रता नगण्य. तिथे पाणी येतं ते संधी आणि भेगांमधूनच.

वर विदारणाने मऊ झालेला खडक आणि मुरूम असतो. पावसाचं पाणी आधी इथे मुरतं आणि आपल्या बहुतेक उथळ विहिरी याच जलधरावर चालतात. हा पट्टा पातळ असेल तर पुनर्भरण चांगलं होऊनही साठा थोडाच राहतो. उन्हाळ्यात विहीर आटते ती अनेकदा यामुळे. दोन थरांमधला लाल मातकट थर बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही. डोंगरउतारावर तो उघडा पडला की त्याच्या वरच्या कडेने झरे फुटतात.

डार्सीचा नियम (1856)

Q = K × i × A

Q प्रवाह, K जलवाहकता, i भूजलपातळीचा उतार, A छेदाचं क्षेत्रफळ. K ला वहीत दोन ठिकाणी पार्यता लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं: पार्यता हा केवळ खडकाचा गुण आहे, जलवाहकतेत पाण्याची घनता आणि चिकटपणाही येतो.

फळ्यावरचं उदाहरण: K = 2 मीटर प्रतिदिन, i = 0.01, A = 500 चौरस मीटर. Q = 2 × 0.01 × 500 = 10 घनमीटर, म्हणजे दिवसाला 10,000 लिटर.