बारा लाखांचे महिन्याला किती होतात?

नव्या नोकरीच्या वर्षाच्या पगाराबद्दलची परवाची पोस्ट काढून टाकली. "साडेपाचवरून बारा लाख! स्वतःवर विश्वास ठेवा," असं लिहिलं होतं मी, वर पेढ्याचा फोटो. दीडशे अभिनंदनं आली. रात्री बार्शीच्या मैत्रिणीचा फोन आला. ती म्हणाली, "आकडा कळला गं. पण मी काय करू, ते कुठे लिहिलंयस?"

म्हणून आता नीट लिहिते. आकडा ठेवलाय, कारण त्याच्याशिवाय हिशोब कळणार नाही.

ऑफर आली तेव्हा मी बारा लाखांना बारांनी भागलं आणि महिना लाख धरून मोकळी झाले. आईलाही तेच सांगितलं. मग एचआरला मेल टाकला: "स्वीकारण्याआधी पगाराचं पूर्ण ब्रेकअप मिळेल का?" कागद आला तो असा. बेसिक वर्षाला 6 लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्याच्या 12 टक्के, म्हणजे 72,000. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, जवळपास 29,000. ती नोकरी सोडतानाची रक्कम, तीही ठरावीक वर्षं पूर्ण झाली तर. व्हेरिएबल 1,20,000, वर्षाअखेरी, कंपनीला वाटेल तेवढं. विम्याचे 15,000. हे सगळं बारा लाखांतच धरलेलं! उरले 9 लाख 64 हजार, महिन्याला 80 हजार. त्यातून माझा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) गेला की खात्यात 74 हजार. नव्या करप्रणालीत या पगारावर सध्या आयकर लागत नाही, एवढंच बरं.

पीएफ आपलाच असतो, मान्य. पण त्यातून खोलीभाडं देता येत नाही.

दुसरी गोष्ट बोलणीची. मागच्या नोकरीच्या वेळी "सध्या किती मिळतात?" असं विचारल्यावर मी पटकन खरा आकडा सांगितला आणि त्यावरच तीस टक्के चढवून मिळाले. या वेळी आधी विचारलं, "या पदासाठी तुमचं बजेट किती आहे?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्यांनीच दहा ते तेरा सांगितलं. मी आठ मागणार होते, खरं सांगते.

आणि परवा जे गाळलं होतं तेही लिहिते. माझं नाव एका जुन्या सीनियरने पुढे केलं. आधीच्या दोन मुलाखतींत मी आपटले, एकदा तर साध्या एसक्यूएल जॉइनवर. आणि चिंचवडला मावशीकडे राहते, भाडं नाही, म्हणून चार महिने थांबून नकार द्यायची ऐपत होती. घरचे हप्ते डोक्यावर असते तर पहिलीच ऑफर घेतली असती.

तुमच्या ऑफरच्या कागदातलं एखादं कलम कळत नसेल तर नाव-आकडे झाकून पाठवा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.