परिषद सभागृहाच्या आरक्षणापूर्वी प्रत्यक्ष पाहणीची विनंती

दिनांक : 5 ऑक्टोबर 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सभागृह आरक्षण विभाग

विषय : 16 व 17 जानेवारी 2027 रोजीच्या परिषदेसाठी मुख्य सभागृहाची पाहणी करण्याबाबत

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांची दोन दिवसांची परिषद आम्ही शनिवार, 16 आणि रविवार, 17 जानेवारी 2027 रोजी घेत आहोत. सुमारे 180 प्रतिनिधी येतील आणि त्यांपैकी 40 जण स्वतः कर्णबधिर आहेत. आपले मुख्य सभागृह या दोन्ही दिवशी सकाळी 8 ते सायंकाळी 7 या वेळेत उपलब्ध असल्याचे आपल्या कार्यालयाने दूरध्वनीवर कळवले, त्याबद्दल आभार. मात्र आरक्षणाची रक्कम भरण्यापूर्वी सभागृह प्रत्यक्ष पाहावे, असे आयोजन समितीने ठरवले आहे. मंगळवार, 13 किंवा गुरुवार, 15 ऑक्टोबर रोजी सकाळी 11 वाजता आम्हा तिघांना सुमारे दीड तास पाहणी करू द्यावी, ही विनंती. आमच्यापैकी एक सांकेतिक भाषेच्या दुभाषी आहेत.

आपल्या माहितीपत्रकात आसनक्षमता 250 दिली आहे. ती केवळ खुर्च्यांच्या रांगा मांडल्यावरची आहे, की समोर टेबले ठेवल्यावरची, हे कृपया कळवावे. आमच्या प्रतिनिधींना दोन्ही दिवस लेखन करायचे असल्यामुळे टेबले आवश्यक आहेत, आणि टेबले मांडली की त्याच जागेत बरीच कमी माणसे बसतात. शिवाय प्रत्येकी 45 जणांच्या गटचर्चेसाठी दोन स्वतंत्र खोल्या मिळतील का? चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या चार प्रतिनिधींना प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत पायरी न लागता जाता येईल का, हेही आम्हाला पाहायचे आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रकाशाचा आणि आवाजाचा आहे. मागील परिषदेच्या वेळी आम्ही केवळ छायाचित्रे पाहून एक सभागृह घेतले होते. तेथील एका खांबामुळे डावीकडच्या तीन रांगांना दुभाषी दिसतच नव्हत्या, आणि पडद्यावर चित्रे दाखवताना सगळे दिवे एकदम बंद करावे लागत असल्यामुळे उरलेल्यांनाही त्यांचे हात दिसेनासे होत. ज्यांच्यासाठी परिषद भरवली, त्यांनाच ती अर्धी कळली, याची खंत आम्हाला अजून आहे. म्हणून पडदा चालू असताना दुभाषींवरचा दिवा वेगळा चालू ठेवता येतो का, हे आम्हाला शेवटच्या रांगेत बसून पाहायचे आहे. श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारी इंडक्शन लूप यंत्रणा बसवलेली आहे का? नसल्यास आम्ही भाड्याने आणलेली यंत्रणा आपल्या ध्वनिव्यवस्थेला जोडण्यास परवानगी मिळेल का? पाहणीच्या वेळी आपले ध्वनितंत्रज्ञ उपस्थित राहिले, तर माइक, प्रोजेक्टर आणि वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू करून पाहता येतील. यंत्रांची घरघर श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना फार त्रासदायक होते. चार बिनतारी माइक, लॅपटॉपसाठी एचडीएमआय जोडणी आणि वीज गेल्यास जनरेटर या गोष्टी भाड्यात समाविष्ट आहेत का, हेही कळवावे.

भोजनव्यवस्था आपल्याच ठेकेदाराकडून घेणे बंधनकारक आहे, की बाहेरून आणता येते? दोन्ही दिवशी दुपारचे जेवण आणि दोन वेळा चहापान लागेल. काही प्रतिनिधींना विशिष्ट पदार्थांची ॲलर्जी असल्याने प्रत्येक पदार्थासमोर त्यातील घटक लिहिलेली पाटी असणे आवश्यक आहे. अंतिम संख्या किती दिवस आधी कळवावी लागेल?

शुल्काच्या लेखी पत्रकात भाडे, कर, अनामत रक्कम, वीज आणि स्वच्छतेचा आकार वेगवेगळा दाखवावा. शुक्रवारी सायंकाळी मांडणीसाठी तीन तास सभागृह हवे आहे. त्याचे आणि ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाल्यास आकारण्यात येणारे शुल्क त्यात नमूद असावे. आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत केली जाते, हेही कळवावे. आमचा सर्व खर्च प्रतिनिधींच्या नोंदणी शुल्कातून होतो, त्यामुळे मागाहून वाढणारी रक्कम आम्हाला पेलणारी नाही.

पाहणी होईपर्यंत या दोन तारखा आमच्यासाठी तात्पुरत्या राखून ठेवता येतील का? तसे शक्य असल्यास पाहणीनंतर तीन दिवसांच्या आत आम्ही आमचा निर्णय लेखी कळवू. पाहणीची वेळ 9 ऑक्टोबरपर्यंत याच ई-मेलवर कळवावी, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
संयोजक,
परिषद आयोजन समिती