बोरीकाठचं अमळनेर : रविवारची वारसा फेरी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी ६.४५ वाजता अमळनेर रेल्वे स्टेशनच्या मुख्य दरवाजापाशी जमायचं, सातला निघायचं. साधारण ४ किलोमीटर, तीन तास. किमान ६, जास्तीत जास्त १४ जण. यापेक्षा मोठा घोळका गल्लीत शिरला की मागच्यांना ऐकू येत नाही आणि रहिवाशांची वाट अडते.

सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे इथला कापूस आणि तेलबिया बाहेर जाऊ लागल्या, म्हणून फेरी स्टेशनपासूनच. प्रताप मिलच्या परिसरात गिरणगाव कसं वसलं ते पाहू. १९४५ साली अमळनेरातच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली. मिलच्या पैशातून काय घडलं, ते पुढे तत्त्वज्ञान मंदिरात दिसतं. प्रतापशेठ यांनी ते १९१६ साली स्थापलं. साने गुरुजी आधी इथे आले, मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. म्हणून या दोन वास्तू याच क्रमाने बघायच्या. दोन्ही ठिकाणी आपण बाहेरूनच थांबतो.

पुढे जुनं गाव आणि भुईकोटाचा दरवाजा. इथे घाई करणार नाही. धाब्याचं घर जवळून पाहा : लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी खारी पांढरी माती नव्याने टाकतात, कारण तिच्यात गवत रुजत नाही. साधी माती टाकली की गवत उगवतं, मुळं खोल जातात आणि नेमकं तिथूनच छत गळतं. घरं नांदती आहेत. विचारल्याशिवाय ओट्यावर चढू नका, बायाबापड्यांचे फोटो काढू नका.

शेवट वाडी संस्थान आणि बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी. वैशाखात एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, तेव्हा हेच पात्र माणसांनी भरतं. पात्रात पाणी असेल त्या रविवारी समाधीचं दर्शन काठावरूनच. ओली वाळू पायाखाली खचते.

फी : मोठ्यांना ३५० रुपये, विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवून १५०, दहा वर्षांखालील मुलांना मोफत. चहा आणि पाणी त्यातच. नाश्ता ज्याचा त्याने.

जागा राखण्यासाठी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत याच पानावर मेसेज करा : नाव, किती जण, कुठून येणार. शनिवारी दुपारपर्यंत रद्द केलंत तर पूर्ण पैसे परत. सहा जण जमले नाहीत तर शनिवारी सायंकाळी कळवतो आणि फी परत करतो. जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्यांनी एक गाडी आधीची धरा. आम्ही सातला निघतोच, आणि मधेच येऊन गाठायचं म्हटलं तर गल्ल्यांत चुकामूक होते.

बूट पट्ट्याचे किंवा घट्ट बसणारे घाला, टोपी आणा. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, नदीचा उतार वगळून तुम्हाला वाडीपर्यंत सोडतो.

#अमळनेर #खान्देश #बोरीनदी